नाव दोन्हीकडे, मजकूर एकीकडेच

नांदेड-लातूरकडच्या तरुण आर्किटेक्टांचे अर्ज हल्ली दोन तुकड्यांत येतात: एका पानाचा रेझ्युमे आणि त्यात एक लिंक. लिंक उघडली की पहिल्या दोन पानांवर पुन्हा तोच रेझ्युमे भेटतो. जन्मतारीख, दहावीची टक्केवारी आणि सॉफ्टवेअरच्या ऐंशी टक्के भरलेल्या पट्ट्या. ऑटोकॅड ऐंशी टक्के येणे म्हणजे काय, हे त्या पट्टीवरून कोणालाही कळत नाही. पुढे प्रकल्पांची वर्णने येतात, तीही रेझ्युमेतून जशीच्या तशी उचललेली. वाचणाऱ्याला एकच गोष्ट दोनदा ऐकावी लागते आणि हवे ते कुठेच सापडत नाही.

चित्रातून न दिसणाऱ्या गोष्टी रेझ्युमेत असाव्यात आणि शब्दांत न मावणाऱ्या पोर्टफोलिओत. दोन्हीकडे सारखे असावे ते फक्त प्रकल्पाचे नाव, साल आणि उमेदवाराची भूमिका. हे तीन मात्र अक्षरशः सारखे हवेत. रेझ्युमेत ‘ग्रामीण गृहरचना, 2024’ आणि पोर्टफोलिओत ‘हाऊसिंग स्टुडिओ, 2023’ असेल, तर हे एकच काम आहे की दोन, हे शोधत बसायला कोणाला वेळ नसतो. शंका मात्र मागे राहते.

लातूरच्या एका काल्पनिक विद्यार्थिनीचा प्रबंध घेऊ. विषय किल्लारीचा. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर जी गावे नव्या जागी वसवली गेली, तिथे घराचा आकार जमिनीवरून ठरला होता: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबांना 250 चौरस फूट, त्यावर सात हेक्टरपर्यंत 400, त्याहून अधिक असेल तर 750. तीस वर्षांत लोकांनी या घरांना काय काय जोडले, हे तिने गटासोबत मोजले. रेझ्युमेत ती भूकंपाचा इतिहास आणि ‘शाश्वत समुदायाची संकल्पना’ यांवर सहा ओळी लिहिते आणि पोर्टफोलिओत त्याच सहा ओळी पुन्हा चिकटवते. त्याऐवजी रेझ्युमेत एवढे पुरे होते: ‘पुनर्वसित किल्लारी: वाढत्या घराची रचना (प्रबंध, 2024). चौघांच्या गटाने 12 घरे मोजली. सर्व छेद व अंतिम रचना माझी. पोर्टफोलिओ, पान 6.’

आता पान 6 वर मूळ 250 चौरस फुटांचा आराखडा काळ्या रेषेत आणि नंतरची भर लाल रेषेत असावी: पुढची पत्र्याची ओसरी, मागची न्हाणी, जनावरांची जागा. नाव, साल आणि भूमिका यांखेरीज शेजारी एकच ओळ, लाल रेषा कुठे पाहायची ते सांगणारी. गटात कोणी काय केले, हे चित्र कधीच सांगू शकत नाही, म्हणून ते रेझ्युमेत गेले. जोडणी कुठे आणि कशी झाली, हे सहा ओळींतही सांगता आले नसते, म्हणून ते चित्रात आले.

उलट बाजूचे एक उदाहरण. इथल्या छोट्या कार्यालयांना खरी गरज असते ती मंजुरीचे नकाशे करू शकणाऱ्या माणसाची. डिसेंबर 2020 पासून राज्याच्या बहुतेक भागांत एकत्रित नियमावली म्हणजे यूडीसीपीआर लागू आहे. तिच्यानुसार सामासिक अंतरे आणि एफएसआयचे तक्ते भरता येणे हे मोठे कौशल्य. पण असा नकाशा पोर्टफोलिओत देखणा दिसत नाही, म्हणून मुले तो अनुभवच गाळतात! त्याला चित्र नकोच. इंटर्नशिपच्या नोंदीत किती इमारतींचे प्रस्ताव, कोणत्या महापालिकेकडे, कोणत्या टप्प्यापर्यंत, एवढी एक ओळ बस्स. मूळ नकाशे कार्यालयाच्या परवानगीशिवाय लिंकवर टाकणे तसेही बरे नव्हे.

नावापुढे ‘आर्किटेक्ट’ लावण्याचे तसेच. 1972 च्या कायद्याने ही उपाधी कौन्सिलकडे नोंदणी झालेल्यांपुरती राखली आहे. नोंदणी क्रमांक रेझ्युमेत द्यावा. नसेल तर पदवीधर असे साधे लिहावे.

आणखी एक खोट तांत्रिक आहे. लिंक बहुधा व्हॉट्सॲपवर जाते आणि फोनवर उघडते. ए-थ्री आडवे पान 420 मिलिमीटर रुंद, उभ्या धरलेल्या फोनचा पडदा सुमारे 70. म्हणजे सगळे सहापट लहान होते आणि 10 पॉइंटचे अक्षर दोन पॉइंटांहूनही बारीक. तरीही मुले आराखड्याशेजारी परिच्छेद भरतात. पान फोनवर मोठे न करता वाचून पाहिले की किती मजकूर काढायचा ते लगेच कळते.

लिंक पाठवल्यावर पानांचा क्रम बदलला, तर रेझ्युमेतले ‘पान 6’ खोटे ठरते. म्हणून नवे काम शेवटी जोडावे. ड्राइव्हवर असाल तर नवी फाइल वेगळी न चढवता Manage versions मधून बदला, म्हणजे पत्ता तोच राहतो. परवानगी Anyone with the link अशी आहे ना, हे स्वतःच्या खात्यातून बाहेर पडून एकदा तपासा. परवानगी मागणारा पडदा दिसला तर कार्यालयातला माणूस विनंती पाठवत बसत नाही, पुढचा अर्ज उघडतो.