पुनर्मुद्रण की सुधारित आवृत्ती?

वा. वि. मिराशी यांचा ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ १९५७ साली निघाला. पुढे वाशीमजवळ हिस्से-बोराळा येथे देवसेनाचा शके ३८० चा शिलालेख मिळाला. तो मिराशींनी अनुमानलेल्या काळातच बसतो. पुनर्मुद्रणात एक तळटीप पुरे.

दुसऱ्या पृथिवीषेणाचे तसे नाही. तेव्हा त्याचा बालाघाटचा अपुरा, वर्ष नसलेला ताम्रपट तेवढा हाती होता. नंतर नागपूर जिल्ह्यातच मांढळ व माहुरझरी येथे त्याचे ताम्रपट सापडले. माहुरझरीचा तर सतराव्या राज्यवर्षाचा. प्रकरणाचा आधारच बदलला, म्हणून इथे सुधारित आवृत्तीच हवी. मात्र मिराशी १९८५ साली गेले. त्यांची वाक्ये आता परस्पर दुरुस्त करू नयेत. मूळ मजकूर तसाच ठेवून नवी भर चौकटी कंसात, संपादकाच्या नावाने घालावी. प्राप्तिस्थळांचा नकाशा आणि सूची तेवढी नव्याने करावी.