भार न पेलणाऱ्या फासळ्या

कार्ल्याच्या चैत्यगृहात मान वर केली की छताला लागून ओळीने बसवलेल्या अर्धवर्तुळाकार लाकडी फासळ्या दिसतात. दालन सुमारे 38 मीटर लांब, 14 मीटरच्या आसपास उंच आणि सगळे बसाल्टात कोरलेले. त्याचे छत म्हणजे डोंगरच. फासळ्या काढून घेतल्या तरी तो खाली यायचा नाही. त्या कशाचाही भार पेलत नाहीत, आणि तरीही दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी त्या इतक्या उंचीवर चढवून बसवल्या.

याचे ठरलेले उत्तर असे, की आधी अशी दालने लाकडात बांधत आणि तीच सवय दगडात उतरली. उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. निव्वळ सवयच असती, तर फासळ्या दगडातच कोरता आल्या असत्या. पुढे अजिंठ्याच्या 19 आणि 26 क्रमांकांच्या लेण्यांत तसे केलेलेही आहे. तिथे फासळी आणि छत एकाच दगडाचे, त्यामुळे फासळी कळते ती फक्त तिच्या सावलीवरून. कार्ल्याला लाकूड दगडापासून सुटे दिसते, आणि ते तसे दिसण्यामागे उजेडाचा मोठा वाटा आहे. दर्शनी भिंतीत खाली दरवाजे आणि त्यांच्या वर नालाच्या आकाराचे प्रचंड गवाक्ष. उजेड येतो तो माणसाच्या डोक्यावरून. छताला समांतर आत सरकताना तो प्रत्येक फासळीची पुढची कड उजळतो आणि मागची बाजू काळोखात ठेवतो. म्हणून ती कमान एका सलग पृष्ठभागासारखी न दिसता, आतल्या स्तूपाकडे पावलापावलाने जाणाऱ्या लयीसारखी दिसते. फासळ्या नसत्या तर तिथे पुढे करडा आणि मागे काळा होत जाणारा एक गुळगुळीत बोगदा उरला असता.

खांबांचेही तसेच. दोन्ही बाजूंच्या पंधरा-पंधरा खांबांना घटाकार तळ आहेत, वर हत्तींवर बसलेली युगुले आहेत. स्तूपाच्या मागचे सात खांब मात्र साधे अष्टकोनी, ना तळ ना शीर्ष. मागे उजेड जेमतेमच पोहोचतो. तिथे छिन्नी झिजवून कोणाला दिसणार, असा हिशेब त्या लोकांनी केला असावा. हा माझा तर्क आहे, पण वास्तुशास्त्राच्या वर्गात तो सांगण्यासारखा आहे.

आता कार्ल्यासमोरच, खोऱ्याच्या पलीकडे असलेले भाजे घ्या. दोन्ही चैत्यगृहांचे नकाशे शेजारी ठेवले तर घोटाळा व्हावा इतके ते सारखे: लांब दालन, मागचे टोक गोल, दोन्ही कडांना खांबांची रांग, शेवटी स्तूप. उपयोगही एकच, स्तूपाला प्रदक्षिणा आणि समोर बसून उपासना. पण भाज्याची दर्शनी लाकडी भिंत नष्ट झाली आहे, तोंड उघडे पडले आहे. उजेड समोरून सपाट शिरतो. खांब साधे आणि वर जाताना आत झुकलेले. तिथे माणूस मोकळा होतो, आवाज चढवून बोलतो. कार्ल्याला मात्र आत पाऊल टाकताच शाळेची सहलसुद्धा थोडा वेळ गप्प होते. नकाशा आणि उपयोग यांच्या बाहेर जे उरते ते हेच, आणि आजच्या वास्तुकलेबद्दल माझी तक्रार तिथेच सुरू होते.

नकाशा आणि उपयोगापलीकडच्या या विषयावर गेल्या काही दशकांत सर्वांत गंभीरपणे काम केले ते स्विस वास्तुकार पीटर झुमथोर यांनी. 2003 मध्ये त्यांनी वास्तूच्या ‘वातावरणा’वर एक व्याख्यान दिले, पुढे त्याचे छोटे पुस्तक झाले आणि आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी ते पाठ आहे. त्या पुस्तकापेक्षा मला त्यांचे जर्मनीतले ब्रूडर क्लाउस प्रार्थनागृह जास्त शिकवणारे वाटते. वाखेनडोर्फ गावाजवळच्या शेतात, एका शेतकरी कुटुंबासाठी बांधलेले हे प्रार्थनागृह 2007 मध्ये पूर्ण झाले. आधी 112 झाडांचे सोट एकमेकांना टेकवून तंबूसारखा सांगाडा उभारला. त्याभोवती काँक्रीट थरांनी ठोकून भरले: अर्ध्या मीटरचा एक थर, असे 24 थर, म्हणजे बारा मीटर उंची. स्थानिक वाळू-खडी वापरल्यामुळे थरांना मातकट रंग आहे आणि बाहेरून दोन थरांमधल्या रेघा स्पष्ट मोजता येतात. मग आतल्या लाकडांना धग लावून ती सुमारे तीन आठवडे धुमसत ठेवली. लाकडे आक्रसून भिंतीपासून सुटली आणि बाहेर काढता आली. आत उरले ते सोटांच्या गोलाईचे उभे पन्हळ, काजळलेले. जमीन ओतीव शिशाची. वर छताला उघडे तोंड आहे, त्यातून ऊन येते तसा पाऊसही येतो आणि जमिनीवर पाणी साठते.

हे सगळे एवढ्यासाठी सांगितले, की इथे पोत नंतर लावलेला नाही. भिंत ज्या क्रमाने बांधली त्या क्रमाचाच तो माग आहे. काँक्रीटच्या दोन्ही बाजूंचे साचे बांधून ठेवणाऱ्या नळ्यांची सुमारे साडेतीनशे भोके भिंतीत राहिली होती. एरवी कंत्राटदार ती सिमेंटने बुजवून टाकतो. इथे त्यांत काचेचे गट्टू बसवले, आणि काळ्या भिंतीत उजेडाचे ठिपके उमटले. पन्हळाच्या कडांवर वरचा उजेड निसटता पडतो, खोलगट भागांत काजळी तो गिळते. भिंत पांढरी आणि सपाट असती, तर वरचे तोंड म्हणजे पावसाला आमंत्रण देणारे एक भोक ठरले असते.

उजेडाच्या कोनाचे गणित तसे सोपे आहे, आणि ते आपल्या घरातल्या भिंतीलाही लागू पडते. समजा छतातला दिवा भिंतीपासून 15 सेंटीमीटरवर आहे आणि आपण त्याच्या खाली दीड मीटरवरचा भिंतीचा भाग बघतो आहोत. तिथे उजेड भिंतीला जवळजवळ घासत जातो. गिलाव्यावर एक मिलिमीटरचा उंचवटा असेल तर त्याची सावली दहा मिलिमीटर लांब पडते. तोच दिवा 90 सेंटीमीटर पुढे सरकवला, तर सावली पावणेदोन मिलिमीटरच्या आत येते. म्हणजे भिंत तीच, गवंडी तोच, पण पहिल्या बाबतीत पोत उठून दिसतो आणि दुसऱ्या बाबतीत नाहीसा होतो. थापीने ओढलेल्या चुन्याच्या गिलाव्याला पहिला दिवा मानवतो. पुट्टी मारून सपाट केलेल्या भिंतीला तो उघडा पाडतो: पट्टी कुठे दाबली, कुठे उचलली, सगळ्या लाटा दिसू लागतात. मग घरमालक गवंड्यावर चिडतो. चूक बहुतेक वेळा दिव्यांचा नकाशा काढणाऱ्याची असते, कारण भिंतीवर काय लावणार हे त्याला कोणी विचारूच दिलेले नसते.

पुण्या-मुंबईच्या आजच्या अंतर्गत सजावटीत नेमके हेच चालले आहे. खोलीचा नकाशा आधी पक्का होतो, मग छतात समान अंतरावर दिवे पेरले जातात आणि सर्वांत शेवटी, नमुन्यांच्या पुस्तकातून, ‘टेक्स्चर’ निवडले जाते. काँक्रीटसारखा दिसणारा रंग, लाकडाचे छापील रेषाकाम असलेला लॅमिनेट, संगमरवर छापलेली व्हिट्रिफाइड फरशी. ही सामग्री स्वस्त आहे, टिकते, पुसायला सोपी आहे. मध्यमवर्गीय घरात ती असण्याला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो तिच्या प्रकाशाशी असलेल्या वागण्याला. तकतकीत फरशी उजेड मुरू देत नाही, खिडकी जशीच्या तशी परत फेकते आणि दुपारी डोळ्यांवर येते. जुन्या घरातला घोटलेला कोबा किंवा पायांनी गुळगुळीत झालेली शहाबादी फरशी तोच उजेड पसरवते. नक्कल ओळखायची असेल तर कडेला पाहावे. दगडाचा, लाकडाचा पोत कोपऱ्यावरून वळून पुढे जातो. छापील पोत कोपऱ्याशी तुटतो आणि तिथे एक पट्टी लावावी लागते.

दुसऱ्या बाजूला, या साऱ्याला कंटाळलेल्या वास्तुकारांची एक फळी गेल्या वीस वर्षांत उभी राहिली आहे. तिच्या मुळाशी अलिबागजवळ नांदगावला 2007 मध्ये झालेले पाल्मिरा हाऊस आहे, बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईचे. नारळाच्या वाडीत समोरासमोर ठेवलेल्या दोन लांबट लाकडी पेट्या, सांगाडा ऐनाचा, भिंतींच्या जागी ताडाच्या खोडाच्या पट्ट्या, गिलाव्याला रंग जागेवरच्या वाळूचा. वाडीतला उजेड आधीच झावळ्यांतून चाळून आलेला असतो. पट्ट्या तो पुन्हा चिरतात आणि वारा मात्र अडवत नाहीत. समुद्राकडच्या बाजूला आकाशाची जी पांढरी तिरीप कोकणात दिवसभर छळते, ती आतपर्यंत पोहोचत नाही. इथे सामग्री, हवामान आणि उजेड यांचा निर्णय एकाच वेळी झाला आहे. सुतार वास्तुकाराच्या कामाचा भाग होते, हेही त्याचे कारण आहे.

पण त्या घराच्या छायाचित्रांनी जितके शिकवले तितकेच बिघडवलेही. आज सह्याद्रीच्या कुशीतल्या प्रत्येक दुसऱ्या शनिवार-रविवारच्या बंगल्याला लाकडी पट्ट्या असतात. पूर्वेला, पश्चिमेला, कधी संडासाच्या भिंतीवरही. वाडीची सावली नसते, ओलाव्याचा हिशेब नसतो. दोन हजार मिलिमीटरहून जास्त पावसात उघडे लाकूड दरवर्षी तेल मागते. ते न मिळाल्यास दोन-तीन पावसाळ्यांत बुरशीचे काळे ओघळ दिसू लागतात. चुन्याचे पुनरागमन हीही अशीच अर्धवट गोष्ट आहे. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, म्हणून तो जांभ्याच्या किंवा जुन्या विटांच्या भिंतीवर शोभतो. त्याच भिंतीवर आधी सिमेंटचा थर मारला आणि वरून चुन्याचा हात दिला, तर आतला ओलावा अडतो, क्षार बाहेर येतात, भिंतीला लोणा लागतो आणि ज्या पोतासाठी एवढा खटाटोप केला तोच पापुद्र्यांनी गळू लागतो. घराचे छायाचित्र मात्र ताब्याच्या पहिल्या महिन्यात काढलेले असते आणि पारितोषिकेही त्याच्यावरच ठरतात.

यावर जागेवर नमुना भिंत बांधून पाहणे एवढाच भरवशाचा उपाय मला दिसतो. मीटरभर रुंद, माणसाच्या उंचीची, खरा गिलावा, खरा रंग, आणि ज्या दिशेला ती घरात असणार त्याच दिशेला तोंड. सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर ती बघायची आणि जमल्यास एका पावसाळ्यात उघडी ठेवायची. झुमथोरच्या प्रकल्पांना वर्षे लागतात त्यातला बराच वेळ अशा नमुन्यांत जातो. आपल्याकडे निविदेत या भिंतीसाठी ओळच नसते. घरमालकाला ती वाया गेलेली वीट वाटते आणि कंत्राटदाराला बुडालेला दिवस. त्यामुळे तिचा खर्च सोसायला सध्या तरी वास्तुकारच उरतो, आणि आपली फी बांधकामाच्या टक्क्यांवर मोजणारे कितीजण तो सोसतील, याचा अंदाज करायला फार विचार करावा लागत नाही.