बॅक्टेरियल टॉक्सिन्स, २० मार्क: त्या नमुना आराखड्यात काय चुकतंय?

एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या नोट्समध्ये बॅक्टेरियल टॉक्सिन्सच्या मोठ्या प्रश्नाचा एक ठरलेला आराखडा सापडतो. व्याख्येला २ मार्क, एक्झोटॉक्सिन-एंडोटॉक्सिन फरकाच्या तक्त्याला ८, टॉक्सिन्सच्या यादीला ६ आणि टॉक्सॉइड-लसींना ४. आराखडा आटोपशीर आहे, पाठ करायला सोपा आहे आणि पासही करतो. पण त्यात 'कसं' आणि 'कशावरून' हे दोन प्रश्नच येत नाहीत. पुढे संशोधनात जायचं असेल तर मुलाखतीत नेमकं तेच विचारलं जातं.

आधी तक्ता बघू. 'एक्झोटॉक्सिन उष्णतेने नष्ट होतं' असं आपण सरसकट लिहितो, पण स्टॅफिलोकोकस ऑरियसचं एंटेरोटॉक्सिन उकळूनही टिकतं. म्हणूनच पुन्हा गरम केलेलं अन्न खाऊनही विषबाधा होऊ शकते. 'एक्झोटॉक्सिनने ताप येत नाही' हेही तसंच. टॉक्सिक शॉक सिंड्रोमचं टॉक्सिन एक्झोटॉक्सिनच आहे आणि त्यात ताप चांगलाच चढतो. तक्ता टाकून द्या असं मी म्हणत नाही. चारच ओळी ठेवा (रासायनिक स्वरूप, उगम, विषारीपणा, टॉक्सॉइड) आणि खाली एका वाक्यात अपवाद लिहा. त्याला ४ मार्क पुरेत.

यादीची अडचण वेगळी आहे. बारा नावं आणि प्रत्येकापुढे एक ओळ, यातून परीक्षकाला फक्त तुमचं पाठांतर दिसतं. त्यापेक्षा कार्यानुसार तीन गट करा: पेशीच्या बाहेरून परिणाम करणारी, पेशीपटलाला छिद्र पाडणारी आणि पेशीत शिरून काम करणारी. प्रत्येक गटाला एक उदाहरण द्या. याला ४ मार्क. मग एकच टॉक्सिन घेऊन ८ मार्कांचं सविस्तर लिहा. माझी निवड कॉलरा टॉक्सिन.

सुरुवात पुराव्यापासून करा. कॉख यांनी १८८४ साली कोलकात्यात कॉलऱ्याच्या जंतूवर काम केलं, पण जुलाब जंतूमुळे होतात की त्याने सोडलेल्या विषामुळे, हे पुढे कित्येक वर्षं सिद्ध झालं नव्हतं. कोलकात्यातच शंभुनाथ डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधला आणि त्या पोकळीत जंतू गाळून काढलेला कल्चरचा द्रव सोडला. पोकळी पाण्याने फुगली. जंतू नसतानाही परिणाम दिसला, म्हणजे कारण द्रवातलं टॉक्सिन. हे काम १९५९ साली 'नेचर'मध्ये आलं. कंट्रोल लिहायला विसरू नका: शेजारच्या बांधलेल्या तुकड्यात नुसतं निर्जंतुक माध्यम. तो तुकडाही फुगला, तर निष्कर्ष काढता येत नाही.

मग यंत्रणा. टॉक्सिनचे दोन भाग, एक ए आणि पाच बी. बी भाग आतड्याच्या पेशीवरच्या जीएम१ गँग्लिओसाइडला चिकटतो. ए भागाचा ए१ तुकडा पेशीत जाऊन एनएडीमधला एडीपी-रायबोज जीएस प्रथिनाच्या अल्फा भागावर बसवतो. या प्रथिनाला जीटीपी तोडून स्वतःला बंद करता येत असतं, ती सोयच जाते. त्यामुळे अ‍ॅडेनिलेट सायक्लेज चालूच राहतं, सायक्लिक एएमपी वाढतं, सीएफटीआर वाहिनीतून क्लोराइड बाहेर पडतं, मागोमाग सोडियम आणि पाणी. आकृती इथेच काढा.

इथे दोन चुका हमखास होतात. 'टॉक्सिन जीटीपेज वाढवतं' असं लिहिलं जातं, प्रत्यक्षात ते थांबतं. दुसरी, 'पेशी मरतात'. कॉलऱ्यात पेशी मरत नाहीत, तिचं नियंत्रण बिघडतं.

आपल्याला कळलंय का, हे तपासायला स्वतःला विचारा: मग ओआरएस का चालतं? कारण ग्लुकोजबरोबर सोडियम आत घेणारा वाहक शाबूत असतो. सोडियम आत गेलं की पाणीही जातं. हे उत्तर यंत्रणेतून निघालं तर विषय समजला, नुसतं आठवलं तर नाही.

शेवटी टॉक्सॉइडला २ मार्क. धनुर्वात-घटसर्पाची लस लिहाच, पण 'एक्झोटॉक्सिन म्हणजे टॉक्सॉइड लस' हा नियम कॉलऱ्याला लागत नाही. त्याच्या तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या मृत लसींमध्ये मुख्य भाग अख्खे मृत जंतू असतात, काहींत फक्त बी भाग जोडलेला असतो.

हिशोब असा: व्याख्या २, गट ४, तक्ता ४, कॉलरा टॉक्सिन ८, लसी २. वेळ कमी पडला तर तक्त्यातल्या ओळी कमी करा, पण डे यांच्या प्रयोगाला हात लावू नका.