चार अक्षरांची ओळ

n = (zσ/d)²

किती जणांना तपासायचे, याचे उत्तर देणारी ही ओळ. सर्वेक्षणाच्या आराखड्यात ती बहुतेक वेळा नुसती उतरवली जाते. ती सावकाश वाचली, तर तिच्यात एक मोठे प्रमेय दडलेले सापडते. वाचण्यासाठी धडगावचा, म्हणजे अक्राणी तालुक्याचा डोंगराळ मुलूख घेऊ, आणि प्रश्न घेऊ तिथल्या बायकांच्या सरासरी हिमोग्लोबिनचा.

या मुलखात सिकलसेल आहे. त्यामुळे सगळ्या बायकांचे आकडे आलेखावर मांडले, तर सुबक घंटाकृती आकार मिळणार नाही. बहुतेक जणी दहा-बारा ग्रॅमच्या आसपास आणि आजार असलेल्या थोड्या जणी बऱ्याच खाली, म्हणजे आलेखाला डावीकडे लांब शेपूट. प्रमाण विचलन σ आपण १.६ ग्रॅम धरू. हा आकडा उदाहरणापुरता.

आता ६४ जणींचा यादृच्छिक नमुना घेऊन सरासरी काढली. दुसऱ्या ६४ जणी निवडल्या असत्या, तर सरासरी थोडी वेगळी आली असती. अशा सगळ्या संभाव्य सरासऱ्यांचा जो पसारा, तेच नमुना-मध्याचे वितरण. प्रत्यक्षात आपल्या हाती त्यातली एकच सरासरी येते. बाकीच्या कधीच दिसत नाहीत. तरीही त्यांचा आकार आधीच सांगता येतो, आणि मला या ओळीचे सगळे सौंदर्य इथेच वाटते. स्वतंत्र निरीक्षणांची प्रचरणे बेरजेत मिळत जातात, म्हणून बेरजेचे प्रचरण nσ². सरासरीसाठी n ने भागले की प्रचरण n² ने भागले जाते आणि उरते σ²/n. म्हणजे सरासरीचे विचलन σ/√n. आपल्या उदाहरणात १.६ भागिले ८, म्हणजे ०.२ ग्रॅम. मूळ आलेखाची शेपूटही सरासऱ्यांच्या आलेखात विरत जाते, कारण एका नमुन्यात सगळ्याच आजारी बायका येणे फार दुर्मीळ. n पुरेसा मोठा झाला की सरासऱ्या घंटाकृतीच्या जवळ येतात. लाप्लासने १८१० मध्ये मांडलेले केंद्रीय सीमा प्रमेय ते हेच. ओळीतला z या प्रमेयानेच दिला: ९५ टक्के सरासऱ्या खऱ्या मध्यापासून १.९६ विचलनांच्या आत असतात.

आता ओळ उलगडते. चूक d पेक्षा जास्त नको, म्हणजे zσ/√n ची किंमत d हवी. त्यातून n सोडवला की झाले. d ०.२ ग्रॅम ठेवला, तर २४६ बायका लागतात. तो ०.१ केला, तर ९८४. चूक निम्मी करायची तर काम चौपट, आणि हे सारे त्या डोक्यावरच्या छोट्या २ मुळे.

या ओळीत लोकसंख्या कुठेच नाही. तालुका असो वा अख्खे राज्य, σ सारखा असेल तर २४६ पुरतात. एखाद्या लहान गावात नमुना लोकसंख्येचा मोठा हिस्सा होऊ लागला, तरच आकडा खाली आणता येतो.

σ मात्र आधी माहीत असावा लागतो, आणि तोच शोधायला तर निघालो. साताऱ्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९३५ च्या लेखात प्राथमिक नमुन्यातून हे विचलन अंदाजले तर काय होते, ते तपासले होते. आजही आधी छोटी चाचणी घेतात ती याचसाठी.

ओळीचा खरा कस डोंगरात लागतो. पाडे विखुरलेले, म्हणून पथक एका पाड्यावर जाऊन २२ घरे करते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही एका समूहातून २२ घरेच निवडतात. पण एका पाड्यावरच्या बायकांचे अन्न सारखे, नातीही जवळची. निरीक्षणे स्वतंत्र राहत नाहीत आणि σ²/n चा पायाच हलतो. पाड्यांतर्गत सहसंबंध ०.०५ इतका किरकोळ धरला, तरी प्रचरण १ + २१ × ०.०५, म्हणजे २.०५ पट होते. मग २४६ च्या जागी ५०५ बायका, म्हणजे २३ पाडे. हा दोष ओळखायचा तर पाड्यापाड्यांच्या सरासऱ्या शेजारी मांडाव्यात: त्या १.६/√२२, म्हणजे सुमारे ०.३४ ग्रॅमच्या विचलनापेक्षा बऱ्याच जास्त विखुरल्या असतील, तर २४६ अपुरे.

एका बाबतीत ही ओळ पूर्ण गप्प आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत जातात. जानेवारीत सडकेजवळचेच पाडे केले, तर n हजारावर नेऊनही सरासरी घट्ट होईल ती भलत्याच आकड्याभोवती. म्हणून पुढचा अहवाल हातात आला की किती जणींना तपासले हे वाचून थांबू नका. किती पाडे, कोणते आणि कोणत्या महिन्यात, हेही विचारा.