नाशाची यादी कायम राहते

अभिलेख वर्गीकरणाचा तक्ता कुणी आवडीने वाचत नाही. अ वर्ग कायमचा, ब 30 वर्षे, क 10, क-1 पाच आणि ड जेमतेम एक वर्ष. फुलंब्रीचे तहसील कार्यालय घ्या किंवा मंत्रालय, कागदाचे आयुष्य या अक्षरांवर ठरते. मला मात्र तो चवीने वाचावासा वाटतो, कारण त्यात कागदाची प्रतिष्ठा मोजलेली नाही. साहेबांच्या सहीचे झोकदार स्मरणपत्र वर्षभरात जाते आणि कुणाच्या तरी वाटणीची चार ओळींची फेरफार नोंद कायम राहते. प्रश्न एकच असतो, यावर पुढे कुणाचा हक्क उभा राहणार आहे का?

आता मुदतीची मोजदाद पाहा. क वर्गातली एक संचिका समजू. अर्ज 2011 मध्ये आला आणि प्रकरण 2014 मध्ये निकाली निघाले, तर दहा वर्षे 2014 पासून धरायची. पण दहा वर्षे भरली म्हणून गठ्ठा लगेच सुटत नाही. आधी यादी होते. त्या विषयावर कोर्टात दावा आहे का, लेखापरीक्षणाचा आक्षेप शिल्लक आहे का, माहिती अधिकाराचा अर्ज आला आहे का, हे कारकून तपासतो. एकही 'होय' आले की संचिका यादीतून बाहेर. मग सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी, आणि त्यानंतर जबाबदार माणसासमोर कागद जाळणे किंवा फाडणे. रद्दीवाल्याला अख्खे गठ्ठे देणे म्हणजे नाश नव्हे. त्या कागदात लोकांची नावे-गावे असतात. काय नष्ट केले त्याची यादी मात्र जपायची. या पद्धतीतली मला सर्वांत आवडणारी खुबी हीच. संचिका सापडत नाही असे कुणी म्हणाले, तर ती नियमाने गेली की हरवली, हे त्या यादीवरून कळते.

तक्त्याची मर्यादा मराठवाड्यात दिसली. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा खासरा पत्रके, जुन्या जन्म-मृत्यू नोंदी, शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे बाहेर निघाली. जन्म-मृत्यूची वही लिहिणाऱ्याने जातीचा रकाना भरला तो सवयीने. नंतर नातवंडांचा दाखला त्यावर अडेल, हे त्याच्या स्वप्नातही नसणार. त्यातून इथला 1948 पर्यंतचा कारभार निजामाचा, म्हणून कितीतरी दप्तर उर्दूत, काही मोडीत. ज्याला लिपी वाचता येत नाही त्याने वर्ग ठरवायचा, तर तो बाहेरच्या वेष्टनावरून ठरवणार. अशा गठ्ठ्याला मुदत लावण्याआधी तो वाचणारा माणूस बोलावणे, ही पायरीही मंजुरीच्या आधी हवी.