रेडिएशनच्या जाळ्यातून G कुठं गेला?

उष्णतावहनाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात रेडिएशनच्या प्रकरणात एक आकृती हमखास असते. बॅटरी, रोध, गाठी आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. दिसायला अगदी बारावीच्या फिजिक्समधलं विद्युत मंडल. ए. के. ओपनहाइम यांनी १९५६ साली अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेच्या ट्रान्झॅक्शन्समध्ये ही नेटवर्क पद्धत मांडली आणि तेव्हापासून आपण सगळे तीच गिरवतोय. मला ही पद्धत आवडते. पण तिच्यावर माझा एक आक्षेप आहे. जिथं चूक होते नेमकी तीच राशी ही आकृती आपल्या नजरेआड करते. पीएचडीच्या पहिल्या वर्षात याच कारणानं मी कितीतरी आठवडे चुकीच्या जागी चूक शोधत होते, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी जरा जिव्हाळ्याचा आहे.

आधी थोडी उजळणी. पृष्ठभाग करडा आणि डिफ्यूज आहे असं धरू. करडा म्हणजे त्याची उत्सर्जकता ε सगळ्या तरंगलांबींना सारखीच. डिफ्यूज म्हणजे तो सगळ्या दिशांना सारख्याच तीव्रतेनं किरण सोडतो आणि परावर्तितही करतो. अशा पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरवर बाहेरून जेवढं रेडिएशन येऊन पडतं ते इरॅडिएशन, G. त्याच चौरस मीटरवरून जेवढं एकूण निघून जातं, म्हणजे स्वतःचं उत्सर्जन अधिक परावर्तन, ती रेडिओसिटी, J. काळ्या पृष्ठभागानं त्याच तापमानाला जेवढं सोडलं असतं ते Eb.

```
J = ε·Eb + (1 − ε)·G
q = J − G
```

आता या दोन समीकरणांतून G काढून टाका. राहतं ते असं:

```
q = (Eb − J) / [(1 − ε)/ε]
```

हा झाला पृष्ठभागाचा रोध (क्षेत्रफळ A असेल तर छेदात A येतो). दोन पृष्ठभागांच्या J मधला रोध 1/(A·F). यातला F म्हणजे व्ह्यू फॅक्टर, एका पृष्ठभागावरून निघालेल्यापैकी किती भाग थेट दुसऱ्यावर पोहोचतो तो. झालं मंडल तयार. पण बघा, या मंडलात G नावाची गाठच नाही. गणितानं तो रीतसर बाद केला, यात चूक काहीच नाही. मात्र बाद करताना आपण एक गोष्ट गृहीत धरली, की संपूर्ण पृष्ठभागावर G सगळीकडे सारखाच आहे. तसं असेल तरच एका पृष्ठभागाला एकच J देता येतो. तापमान सगळीकडे सारखं ठेवणं आपल्या हातात असतं. G सारखा ठेवणं नसतं, तो भूमितीवर ठरतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून बघू. एक मीटर बाजूची घनाकृती भट्टी घ्या. छत तापवलेलं, १००० केल्विनला, उत्सर्जकता ०.८. तळाशी माल, ६०० केल्विनला, उत्सर्जकता ०.६. चारही बाजूंच्या भिंती अग्निरोधक विटांच्या, बाहेरून नीट इन्सुलेट केलेल्या. त्या निव्वळ उष्णता घेतही नाहीत, देतही नाहीत, आलेलं सगळं परत फेकतात. आत हवेमुळे होणारं वहन आणि वायूंचं शोषण सोडून देऊ.

घनात समोरासमोरच्या दोन बाजूंचा व्ह्यू फॅक्टर जवळजवळ ०.२ असतो, म्हणून छताकडून चार भिंतींकडे ०.८. पाठ्यपुस्तकाच्या रीतीनं चारही भिंतींची मिळून एक गाठ करू. छताचा रोध ०.२५, मालाचा ०.६६७. मधे छत ते माल थेट रोध ५, आणि भिंतीमार्गे १.२५ अधिक १.२५ म्हणजे २.५. हे दोन समांतर जोडले की १.६६७. एकूण रोध २.५८३. दोन्ही Eb मधला फरक ४९.३५ किलोवॅट प्रति चौरस मीटर, म्हणून मालाला मिळणारी उष्णता १९.१ किलोवॅट. मागं जाऊन J काढले तर छताचा ५१.९, मालाचा २०.१ आणि भिंतीचा ३६.०. भिंतीचं तापमान ८९३ केल्विन. ऊर्जेचा हिशोब तंतोतंत जुळतो. परीक्षेत पूर्ण मार्क.

आता याच उत्तराला एक प्रश्न विचारू. भिंत निव्वळ काही घेत-देत नाही, म्हणजे तिच्यावर प्रत्येक ठिकाणी G आणि J समान हवेत, म्हणजेच G सगळीकडे ३६.० यायला हवा. येतो का? भिंतीच्या अगदी वरच्या कडेला, मध्यभागी एक बिंदू घ्या. त्याच्या समोरच्या अर्धगोलाचा निम्मा भाग छतानं व्यापलेला, म्हणून छताकडे व्ह्यू फॅक्टर ०.५. तळाकडे फक्त ०.०७१. उरलेला ०.४२९ इतर भिंतींकडे. जाळ्यानंच दिलेले J वापरून त्या बिंदूवरचा G काढला तर ४२.८ येतो. खालच्या कडेला तोच हिशोब उलटा होतो आणि G येतो २९.२. म्हणजे भिंतीवर सगळीकडे ३६ आहे असं जाळं म्हणतं, आणि जाळ्याचेच आकडे म्हणतात की वर ४२.८, खाली २९.२. उत्तर स्वतःलाच खोटं पाडतंय, पण आकृतीत G नसल्यामुळे ते दिसत नाही.

मग भिंतीचे आडवे दोन भाग करू, वरचा अर्धा आणि खालचा अर्धा. छताकडून वरच्या भागाकडे व्ह्यू फॅक्टर ०.५८५, खालच्या भागाकडे ०.२१५. (हे काढायला मधोमध एक काल्पनिक पडदा धरायचा. छत ते पडदा ०.४१५, बाकीचं सगळं वरच्या भिंतींवर.) दोन भागांमधला A·F येतो ०.३६९. आता वरची गाठ आणि खालची गाठ स्वतंत्र. सोडवलं की छत आणि माल यांच्यामधला भूमितीचा रोध १.६६७ वरून १.८० होतो आणि मालाला मिळणारी उष्णता १९.१ वरून १८.२ किलोवॅटवर येते. भिंतीचा वरचा भाग ९१५ केल्विन, खालचा ८६६. एका गाठीचं ८९३ त्या दोन्हींच्या मधे कुठंतरी.

पाच टक्क्यांचा फरक, त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण हा फरक नेहमी एकाच दिशेला असतो, आणि का ते मंडलाच्याच भाषेत कळतं. भिंतीचे हवे तेवढे तुकडे करा, प्रत्येकाची एक गाठ. मग ‘सगळ्यांचा J एकच’ असं म्हणणं म्हणजे त्या सगळ्या गाठी बिनरोध तारेनं एकमेकींना जोडणं. विद्युत मंडलात दोन बिंदू तारेनं शॉर्ट केले की एकूण रोध कमी होतो किंवा तेवढाच राहतो, वाढत कधीच नाही. हा रॅले यांच्या नावानं ओळखला जाणारा नियम आहे. म्हणून एकच उष्ण आणि एकच थंड पृष्ठभाग असेल आणि बाकी सगळं इन्सुलेटेड असेल, तर कमी गाठींचं जाळं उष्णता जास्तच सांगतं, कमी कधीच नाही. आपलं १८.२ सुद्धा वरचंच आहे. आणखी तुकडे केले तर ते आणखी थोडं खाली सरकेल.

आता माझी गोष्ट. अशाच एका पोकळीचं प्रारूप मी केलं होतं, भिंतीला एक गाठ देऊन. प्रयोगात उष्णता सतत कमी येत होती. मी काय केलं? ज्या राशीची खात्री सगळ्यात कमी, ती बदलत बसले, म्हणजे उत्सर्जकता. आकडे जुळले आणि मी खूश. वरच्या उदाहरणात हेच करून बघा. खरी उष्णता १८.१७ किलोवॅट धरा आणि एका गाठीच्या जाळ्यात मालाची उत्सर्जकता हलवून तीच काढा. मालाचा रोध ०.८ हवा, म्हणजे उत्सर्जकता ०.५६. खरी मात्र ०.६ होती. भूमितीची चूक पदार्थाच्या गुणधर्माच्या नावावर जमा झाली. हा ०.५६ उद्या मी प्रबंधाच्या तक्त्यात छापला आणि कुणीतरी तो वेगळ्या आकाराच्या भट्टीसाठी उचलला, तर तिथं तो चुकणार. आणि कुणाला कळणारही नाही, कारण माझा आलेख तर छान जुळलेला आहे.

म्हणून पाठ्यपुस्तकांबद्दल माझी तक्रार नेमकी आहे. गृहीतकांच्या यादीत ‘रेडिओसिटी आणि इरॅडिएशन सर्वत्र समान’ ही ओळ बहुतेक ठिकाणी असते. पण उदाहरणाच्या शेवटी ती तपासलेली दिसत नाही. तपासतात ती ऊर्जेची बेरीज. आणि बेरीज तर चुकीच्या जाळ्यातही शून्यच येते, कारण गाठीवरचा समतोल आपणच समीकरण म्हणून घातलेला असतो. जुळलेली बेरीज आकडेमोड बरोबर असल्याचं सांगते, गाठी पुरेशा असल्याचं नाही.

ओपनहाइम यांच्या पद्धतीवर मात्र अन्याय नको. एकच गाठ कधी पुरते, हेही जाळंच सांगतं. वरच्याच घनात छत आणि माल दोन्ही चकचकीत धातूचे, उत्सर्जकता ०.१ असे घ्या. पृष्ठभागांचे रोध प्रत्येकी ९. आता भूमितीचा रोध १.६७ असो की १.८०, एकूण १९.६७ किंवा १९.८०. फरक एक टक्क्याहूनही कमी. तिथं भिंतीचे तुकडे करणं म्हणजे नुसता वेळ घालवणं. उलट पृष्ठभाग काळ्याच्या जवळ असतील तर जवळजवळ सगळा रोध भूमितीचाच असतो आणि भिंतीला एकच गाठ देणं महागात पडतं.

तेव्हा पुढच्या वेळी जाळं सोडवून J मिळाले की तिथंच थांबू नका. ज्या पृष्ठभागाबद्दल शंका आहे, त्याच्या दोन टोकांना एकेक बिंदू घ्या आणि तिथला G हातानं काढा. दोन्ही आकडे जवळपास आले तर गाठ एकच ठेवा. लांब आले तर तो पृष्ठभाग तोडा. दहा मिनिटांचं काम आहे. मी ते पहिल्याच आठवड्यात केलं असतं तर उत्सर्जकतेचा तो तक्ता मला पुन्हा करावा लागला नसता.