म्युच्युअल फंड वितरकाचा परिचय : ‘सल्लागार’ या शब्दाची चिकित्सा

म्युच्युअल फंड विकणाऱ्या व्यक्तीचा व्यावसायिक परिचय ही एक जाहिरातच असते. त्यामुळे त्यातील प्रत्येक विशेषण नियामकाच्या चौकटीत तपासावे लागते. या दृष्टीने सर्वाधिक दोषास्पद शब्द परताव्यासंबंधी नसून ‘सल्लागार’ हाच आहे.

सेबीने 2020 मध्ये गुंतवणूक सल्लागार नियमांत दुरुस्ती केली. तीनुसार, सल्लागार म्हणून सेबीकडे नोंदणी नसलेल्या वितरकास ‘स्वतंत्र वित्तीय सल्लागार’ किंवा ‘संपत्ती सल्लागार’ अशी बिरुदे लावता येत नाहीत. विक्रीच्या ओघात ग्राहकास मार्गदर्शन करण्याची मुभा त्याला आहे, परंतु त्या नावाने मिरविण्याची नाही. या भेदाचे कारण मोबदल्यात आहे. नोंदणीकृत सल्लागार ग्राहकाकडून शुल्क घेतो, तर वितरकास फंड कंपनीकडून कमिशन मिळते.

उदाहरणादाखल पुढील कल्पित मजकूर पाहावा : ‘सेबीमान्य वित्तीय सल्लागार. मोफत सल्ला. दरवर्षी 15 टक्के परतावा.’ यातील पहिले विधान दुहेरी सदोष आहे. वितरकाचा एआरएन क्रमांक अ‍ॅम्फी ही संस्था देते, सेबी नव्हे; शिवाय ‘सल्लागार’ हे बिरुद त्याचे नाही. तिसरे विधान उघडच नियमबाह्य आहे, कारण परताव्याची हमी देता येत नाही. दुसरे मात्र निरुपद्रवी भासते आणि म्हणूनच अधिक फसवे ठरते. रेग्युलर योजनेत 5 लाख रुपये गुंतविले आणि वार्षिक कमिशन 0.8 टक्के धरले, तर वितरकास वर्षाला सुमारे 4,000 रुपये मिळतात. ते योजनेच्या खर्चातून, म्हणजे अंतिमतः गुंतवणूकदाराच्याच रकमेतून जातात. ग्राहक धनादेश देत नाही, एवढ्यावरून सेवा मोफत ठरत नाही.

सदर मजकुराचे निर्दोष रूप असे होईल : ‘अ‍ॅम्फी-नोंदणीकृत म्युच्युअल फंड वितरक, एआरएन क्रमांक व त्याची मुदत, एनआयएसएमची वितरक प्रमाणपत्र परीक्षा उत्तीर्ण. केवायसी, नामनिर्देशन, एसआयपीतील बदल व वारसांच्या दाव्यांसाठी साहाय्य. मोबदला फंड कंपनीच्या कमिशनमधून.’ त्यासोबत बाजारजोखमीची विहित सूचना असावी. एआरएन क्रमांक अ‍ॅम्फीच्या संकेतस्थळावर कोणासही पडताळता येतो. ‘विश्वासार्ह’ या विशेषणाची अशी पडताळणी होत नाही. वारसाचा दावा मार्गी लावण्याचे साहाय्य ही तर ग्राहकास प्रत्यक्ष अनुभवता येणारी सेवा होय.

तथापि नियमपालन म्हणजे संपूर्ण पारदर्शकता नव्हे. स्पर्धक योजनांवरील कमिशन उघड करण्याचे बंधन वितरकावर 2009 पासून आहे, तर कमी खर्चाच्या डायरेक्ट योजना 2013 पासून उपलब्ध आहेत. परिचयात शब्द निर्दोष असूनही या दोन बाबींविषयी मौन असू शकते. अशा परिचयाचे मूल्यमापन करताना, वितरक आपले उत्पन्न कोठून येते हे किती ठळकपणे सांगतो, हाच निकष निर्णायक मानला पाहिजे.